बेलाच्या पानाचं क्षेत्रफळ

“आधी बोट फिरव बाई. सूत्र कुठं पळून नाही जात.”

घाटंजीला आम्हाला गणित शिकवणारे धावजी राठोड सर असं म्हणायचे. वर्गात सगळ्यांना नावानं हाक, मला मात्र “बाई”. कारण मी तेव्हाही गुरुवार, सोमवार धरायची आणि कपाळावर बुक्का लावून कॉलेजात यायची. वक्र कोणताही असो, सर आधी फळ्यावर बोट फिरवायला लावत. कुठून निघालं, कोणत्या हातानं वळलं, परत कधी आलं, किती वेळा आलं. मग खडू हाती देत. मी हो म्हणायची. बावीस वर्षं झाली, आता मीच यवतमाळच्या एका कॉलेजात बी.एस्सी.ला गणित शिकवते. मुलांनाही हेच सांगते. सांगते म्हणजे तोंडानं सांगते.

श्रावण लागण्याआधीच्या चाचणीसाठी मी पाच गुणांचा एक प्रश्न काढला होता. बंद वक्र दिलेला, t या चलावर चालणारा: x म्हणजे cos 3t गुणिले cos t, आणि y म्हणजे cos 3t गुणिले sin t. t शून्यापासून 2π पर्यंत. वक्रानं वेढलेलं क्षेत्रफळ काढा. रीत वर्गात झालेली होती. वक्रावरून एक फेरी मारायची, वाटेत x dy वजा y dx ची बेरीज करत जायची आणि शेवटी तिचं अर्धं घ्यायचं. आतला भाग डाव्या हाताला ठेवून फिरलं तर उत्तर अधिक येतं, उजव्या हाताला ठेवलं तर उणे. इथे मी दरवर्षी मुलांना सांगते, “देवाची प्रदक्षिणा उजव्या हाताची, गणिताची डाव्या हाताची. देवळात चुकलात तर देव माफ करील, पेपरात मी नाही करणार.” मुलं हसतात. पेपरात मी माफ करत नाही हे मात्र खरं होतं.

गेल्या वर्षी हाच प्रश्न मी cos 2t घेऊन दिला होता. त्याच्या चार पाकळ्या होतात. यंदा दोनाच्या जागी तीन लिहिलं, कारण तीन पाकळ्यांचा वक्र हुबेहूब बेलाच्या पानासारखा दिसतो आणि श्रावण तोंडावर होता. मला ते गोड वाटलं. उत्तर काढून पाहिलं, तर गेल्या वर्षीसारखंच π/2 आलं. आकडा जुळला म्हणून मला बरंच वाटलं. बोट काही मी फिरवलं नाही.

वर्गात बेचाळीस मुलं. त्यातल्या ज्यांना प्रश्न सुटला त्या सगळ्यांचं उत्तर π/2. एकटीचं π/4. ती ममता, लोहाऱ्याहून रोज ऑटोनं येणारी, तिसऱ्या बाकावर भिंतीकडे बसणारी मुलगी. तिनं शून्यापासून π पर्यंतच संकलन केलं होतं. बाजूला पेन्सिलीनं तीन पाकळ्या काढून त्यावर बारीक बाण दाखवले होते, आणि एका टोकाशी लिहिलं होतं, “π ला परत.” मी त्या पाकळ्यांवरून लाल रेघ ओढली. खाली लिहिलं, “मर्यादा मनाने बदलू नये.” पाचापैकी शून्य.

शुक्रवारी पेपर वाटले. तिचा पेपर हातात असतानाच मी तिला उभं केलं.

“ममता, मर्यादा दोन पाय दिली आहे. तू पायवर कशी थांबलीस?”

“मॅडम, ते तिथंच वापस येते. मंग पुढं तेच दोनदा फिरते.”

मागून कपिल म्हणाला, “मॅडम, तिले सगळं दोन-दोनच दिसते.”

वर्ग हसला. मीही हसले. पुढचं सगळं मी पुसून टाकीन एक वेळ, पण ते हसणं मला पुसता येत नाही.

मग मी विचारलं, “मोबाइलवर पाहिलंस का?”

मी कधी आवाज चढवत नाही. घरी नाही, वर्गात नाही. सगळे म्हणतात, विजयमाला मॅडम किती हळू बोलतात. त्या दिवशीही मी हळूच विचारलं, जसं आजाऱ्याला औषध घेतलंस का विचारावं तसं. पण शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

“नाही मॅडम,” ती म्हणाली. आणखी काही बोलायला तिनं तोंड उघडलं होतं. मी पुढचा रोल नंबर पुकारला.

चातुर्मासात माझा एक नेम असतो. पहाटे आंघोळ झाली की तुळशीपुढे रांगोळीनं बेलाचं त्रिदळ काढायचं, हात न उचलता, एका रेघेत. रेघ तुटली तर सगळं पुसून पुन्हा. आणि काढलेल्या रेघेवरून दुसऱ्यांदा रांगोळी सोडायची नाही. हा नियम सासूबाईंनी घालून दिलेला. सोमवारी याच्या जोडीला मौन, संध्याकाळी दिवा लागेपर्यंत. त्यासाठी मी सोमवारी तास घेत नाही, फक्त पेपर तपासणं आणि कागदपत्रं. विभागप्रमुख राजदीप सर वयानं माझ्याहून लहान, पण त्यांनी नऊ वर्षं हे सांभाळून घेतलं आहे.

त्या सोमवारी मी उजव्या पानाच्या टोकापासून चिमूट सोडली. वरच्या कडेनं देठाशी आले, मधून खाली उतरून डावीकडचं खालचं पान वळसा घालून पुरं केलं, पुन्हा देठाशी, मग वरचं पान, पुन्हा देठाशी, आणि उजव्या पानाच्या खालच्या कडेनं टोकाला परत. जिथून निघाले तिथंच. चिमटीत थोडी रांगोळी उरली होती. रोजच्या सवयीनं मी ती डब्यात टाकायला हात वळवला, आणि हात तिथंच थांबला.

पानं तीन झाली होती, आणि फेरी एकच.

मी तिथंच उकिडवी बसून मनात t फिरवला. शून्याला x एक, y शून्य, म्हणजे उजव्या पानाचं टोक. π ला cos 3t उणे एक, cos t सुद्धा उणे एक. दोन उण्यांचा गुणाकार एक. sin शून्य. पुन्हा तेच टोक. आणि नुसतं तेच टोक नाही. t च्या कोणत्याही जागी आणखी π मिळवा, दोन्ही गुणकांची चिन्हं उलटतात आणि बिंदू तोच राहतो. π पासून 2π पर्यंतची माझी सगळी वाट म्हणजे काढलेल्या रेघेवर दुसऱ्यांदा सोडलेली रांगोळी. सूत्र बिचारं प्रामाणिक. त्यानं दोन्ही फेऱ्या मोजल्या आणि पानाचं क्षेत्रफळ दुप्पट करून माझ्या हातात दिलं. चार पाकळ्यांना पूर्ण 2π लागतात, म्हणून गेल्या वर्षी उत्तर बरोबर होतं. तीन पाकळ्यांना π पुरे. क्षेत्रफळ π/4. बेचाळिसांत एकटीचं बरोबर होतं.

ज्या वर्तुळात ही पानं बसतात त्याचं क्षेत्रफळ π. तीन बारीक पानं त्याचा निम्मा भाग भरतील, हे नुसत्या डोळ्यांनाही पटायला नको होतं. मी डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं.

वाटलं होतं, आता उठून कॉलेजात जाईन आणि पहिलं काम हेच करीन. तसं झालं नाही. जे झालं ते सांगते.

साडेअकराच्या सुमारास मी स्टाफरूममध्ये वह्या पाहत होते. ममता दारात येऊन उभी राहिली. हातात तोच पेपर, घडी घालून घालून मऊ झालेला, आणि घडीत वर्तमानपत्राचा एक कागद.

“मॅडम, येऊ का? मले एक दाखवाचं होतं.”

मला सकाळी सहा वाजल्यापासून ठाऊक होतं. ती काय दाखवणार, तेही ठाऊक होतं. मी तोंडावर बोट ठेवलं. मौन. सगळ्या कॉलेजला माझं सोमवारचं मौन माहीत आहे. ती “हो मॅडम, सॉरी” म्हणाली आणि वळली. समोर पेन होता, कोरा कागद होता. मौन बोलण्याचं असतं, लिहिण्याचं नाही. मी लिहूनही सांगू शकले असते. मी तिची पाठ व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाताना पाहिली आणि खाली मान घालून दुसरी वही उघडली.

मंगळवारी त्याच वर्गावर तास होता. मनाशी म्हणाले, शेवटची पाच मिनिटं ठेवू. पुढचा भाग शिकवायला घेतला आणि तो असा लांबवला की घंटा झाली. ममता आली नव्हती. ती नाही तर सांगून काय उपयोग, असंही मीच मला समजावलं. बुधवारीही ती नव्हती. संध्याकाळी देवापुढे बसून मी डोळे मिटून सगळं सांगितलं. रडले. बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचीच मला पुढे जास्त लाज वाटली.

कारण राठोड सरांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली होती. नोकरी लागली तेव्हा मी पेढे घेऊन त्यांच्या पाया पडायला घाटंजीला गेले होते. तेव्हा ते म्हणाले, “बाई, फळ्यावर चुकशील. सगळेच चुकतात. पण फळ्यावर चुकली तं फळ्यावरच सांगजो. घरी जाऊन देवापुढं सांगू नको. देवाले ठाऊकच असते, पोराईले नसते.” मी तेव्हा त्यांना शब्द दिला होता. सर जाऊन चार वर्षं झाली.

गुरुवारी राजदीप सरांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला.

“मॅडम, तुमची ती लोहाऱ्याची पोरगी गणित सोडून राह्यली. विषय बदलाचा अर्ज आहे. वर्गशिक्षक म्हणून तुमची सही पाह्यजे. सोमवार लास्ट डेट.”

अर्जात कारण लिहायला एक ओळ होती. तिथे वळणदार अक्षरात लिहिलं होतं, “मला गणित जमत नाही.”

मी राजदीप सरांना प्रश्नात माझी चूक कशी झाली ते सांगितलं. त्यांनी तिथंच कागदाच्या पाठीमागे तीन पाकळ्या काढून पाहिल्या, पेन एकदा फिरवला, आणि डोक्याला हात लावला.

“अरे बापा. बरोबर आहे तिचं. मॅडम, मी पण केली असती ही भूल, खोटं नाही सांगत.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “एक करा. तिचे पाच वाढवून टाका रजिस्टरमधी. बाकीच्याईचे राहू द्या. तिले बोलावून चुपचाप सांगा. वर्गात कायले काढता? ते कपिलसारखे पोट्टे तं वर्षभर तेच घेऊन बसतीन. मॅडमनं बेलपान दुप्पट केलं म्हणतीन.”

“आणि तिला मोबाइलवर पाहिलंस का म्हटलं, ते?”

त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. “ते तं तुम्हीच पाहा,” म्हणाले.

मी सही केली नाही. शनिवारी तो अर्ज पर्समध्ये घेऊन ऑटोनं लोहाऱ्याला गेले. खरं सांगायचं तर मनात राजदीप सरांचीच वाट होती. घरी भेटू, चुपचाप सांगू, पाठीवरून हात फिरवू, गुण वाढवू. झालं.

घर विचारत विचारत गेले. दोन खोल्या, बाहेर टिनाची छपरी, छपरीत शिलाई मशीन. ममताची आई रुखमाबाई मशीनवर ब्लाउजची बाही जोडत होत्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली खिळ्याला कागदी मापं टांगलेली. मी कोण ते सांगितलं, तशा त्या उठल्या, खुर्ची पदरानं पुसली. पण हसल्या नाहीत.

“ममता, तुह्या मॅडम आल्या पाय.”

ममता आतून आली. मला पाहून ओढणी सारखी केली आणि आईच्या मागे उभी राहिली. मी सांगितलं. हळूच, जसं मी सगळंच सांगते. तुझं उत्तर बरोबर होतं. माझं चुकलं. तुला पाच गुण देणार आहे. हा अर्ज मागे घे.

ती आत गेली. एक वर्तमानपत्राचा कागद घेऊन आली. त्याची तीन पाकळ्यांची आकृती कापलेली होती, तिच्यावर आलेखाच्या कागदाचे चौकोन चिकटवलेले.

“हे दाखवाले आलती मी त्या दिवशी,” ती म्हणाली. “चौकोन मोजले होते. पाय बाय फोरच्याच आसपास येते.”

रुखमाबाई म्हणाल्या, “रात्रभर कापत होती. मी म्हटलं काय करून राह्यली पोरी. तं म्हणे, मॅडम म्हणते हे पान दुप्पट आहे. मी म्हटलं, खडू दोनदा फिरवला तं कापड दुप्पट होते काय माय? तसं असतं तं मी आतापर्यंत बंगला बांधला असता.”

मला हसू यायला हवं होतं. माझी मान वर झाली नाही.

“बाई,” त्या पुढे म्हणाल्या. आता त्यांचाही आवाज खाली आला होता. “गुण तं तुम्ही द्यालच. पण पोरगी म्हणते, मॅडमनं मले चोर म्हटलं आन् सगळे हासले. आन् सोमवारी दारात गेलती तं तुम्ही तोंडावर बोट ठेवलं म्हणे. काहून?”

“सोमवारी माझं मौन असतं,” मी म्हणाले. म्हणता म्हणताच मला माझाच आवाज ऐकू आला.

“मौन तं आम्ही पण धरतो. ध्यानाच्या शिबिरात गेलती मी दहा दिवस. एक शब्द नाही.” त्यांनी मशीनच्या चाकावर हात ठेवला. “पण तिथं सांगते ना, मनात जे आहे ते पाहासाठी मौन. लपवासाठी नाही.”

मी म्हणाले, “मला सकाळीच कळलं होतं, ममता. तू दारात आलीस तेव्हा मला ठाऊक होतं.”

हे मला सांगायचं नव्हतं. राजदीप सरांनाही मी हे सांगितलं नव्हतं. पण ते निघून गेलं आणि मग परत घेता येईना. ममतानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर बरं झालं असतं.

“मॅडम,” ती म्हणाली, “हे मले घरी नका सांगू. ज्याईच्या समोर म्हटलं, त्याईच्या समोर म्हणा. मी सोमवारी येते. मागच्या बाकावर बसते. तुम्ही बोलल्या तं अर्ज मी माह्या हातानं फाडते. नाही बोलल्या तं तुम्ही सही करून द्या, मी जाते दुसऱ्या विषयाले. मले काही राग नाही.”

“सोमवारी कायले? मंगळवारी तास आहे न त्याईचा,” रुखमाबाई म्हणाल्या. मग त्यांनी मुलीकडे पाहिलं.

सोमवारीच अर्जाची शेवटची तारीख होती. तिला ते ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं.

“सोमवारी,” मी म्हणाले. “शब्द देते.”

रुखमाबाईंनी चहा केला. मला शनिवारचा उपास होता. मी तो सोडला नाही, पण काळा चहा घेतला. निघताना ममता छपरीच्या कडेपर्यंत आली. “मॅडम, ऑटो तिकडून भेटते,” एवढंच म्हणाली.

रात्री राजदीप सरांना फोन केला. सोमवारचा त्यांचा पहिला तास मागितला.

“सोमवारी? मॅडम, तुमचं मौन?”

“राहू द्या.”

ते म्हणाले, “कपिल सोडणार नाही बरं तुम्हाले.”

“हो,” मी म्हणाले.

आज सोमवार. पहाटे तुळशीपुढे त्रिदळ काढलं. टोकापासून टोकापर्यंत, एक फेरी. चिमटीत उरलेली रांगोळी डब्यात टाकली. मौनाचा संकल्प करायला हातात पाणी घेतलं होतं, ते तसंच तुळशीत घातलं. देवापुढे बसले, पण या वेळी त्याला काहीच सांगितलं नाही. सांगायचं होतं ते आधी खर्चायचं नव्हतं.

पर्समध्ये ममताचा पेपर आहे, शनिवारी तिच्याकडून मागून आणलेला. त्यावरची माझी लाल रेघ तशीच आहे. सही न केलेला अर्ज आहे. खडूचे दोन तुकडे घेतले, एक पांढरा आणि एक पिवळा. पांढऱ्यानं पान काढायचं, पिवळ्यानं बाण. फळ्यावर पहिलं बोट फिरवायचं, सगळ्यांच्या समोर, आणि कुठे थांबायचं ते मोठ्यानं म्हणायचं. मग π/2 खोडायचं. मग ते दुसरं, मोबाइलचं. ते कोणत्या शब्दांत म्हणायचं हे मी दोन रात्री ठरवते आहे आणि अजून ठरलेलं नाही. आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायला हवा एवढंच ठरलं आहे. त्या दिवशी गेला होता.

फाटक ओढून घेतलं. गल्लीच्या तोंडाशी नेहमीचा ऑटोवाला उभा होता. सोमवारी तो मला विचारत नाही, मी हातानं खूण करते आणि तो नेतो. मी जवळ गेले. त्यानं मीटरकडे हात नेला आणि माझ्या खुणेची वाट पाहिली.

“कॉलेज,” मी म्हणाले आणि आत बसले.